आजोबांच्या मांडीवरचा नातू : फोटोतील चोखणी आणि खुळखुळा काढून ओठ व बोटे पुन्हा घडवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका छोट्या फोटो स्टुडिओतील आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कामाचे तपशील मात्र आहेत तसेच ठेवले आहेत.

गणपतीला मुंबईहून गावी आलेल्या एका कुटुंबाने घरच्या गणपतीपुढे फोटो काढून घेतले होते. त्यांतील एका फोटोत आजोबा खुर्चीवर बसलेले असून सुमारे तीन महिन्यांचा नातू त्यांच्या मांडीवर आहे, आणि मागे माटवी व तिला टांगलेली फळे दिसतात. बाळ रडू नये म्हणून त्याच्या तोंडात निळ्या प्लास्टिकची चोखणी आणि उजव्या मुठीत लाल-पिवळा खुळखुळा दिलेला होता. दिवाळीनंतर आजोबा गेले. आजोबा आणि नातू यांचा एकत्र असा हा एकच फोटो असल्याचे तेव्हा लक्षात आले. वर्षश्राद्धापूर्वी तो 12 × 18 इंचांच्या चौकटीत लावायचा होता, आणि बाळाचा चेहरा पूर्ण दिसावा, हातही मोकळा दिसावा, अशी कुटुंबाची इच्छा होती.

अडचण नेमकी कुठे होती

फोटो प्रथम व्हॉट्सॲपवरून आला. अशा फोटोची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलपर्यंत खाली आलेली असते. बाळाचा चेहरा भुवयांपासून हनुवटीपर्यंत जेमतेम 107 पिक्सेलचा होता, आणि तोंडाच्या वाट्याला अंदाजे 40 पिक्सेल येत होते. एवढ्या जागेत ओठाची कड, तिची सावली आणि ओठावरची ओल वेगवेगळी दाखवता येत नाही. जे काही रंगवावे ते डागासारखे दिसते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी स्टुडिओने फोटोग्राफरकडून कॅमेऱ्यातील मूळ फाइल मागवली आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवण्यास सांगितले. मूळ फाइल 6000 × 4000 पिक्सेलची निघाली. तिच्यात चेहरा 400 पिक्सेलचा आणि तोंड अंदाजे 150 पिक्सेल रुंद होते. 18 इंचांवर 6000 पिक्सेल म्हणजे इंचाला 333, त्यामुळे छापील फोटोत ते तोंड साधारण 11 मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे येणार होते. हे गणित आधीच करून ठेवणे फायद्याचे असते, कारण नखाएवढ्या तोंडात काय दिसणार आणि काय दिसणार नाही हे त्यावरून ठरते, आणि त्वचेवरचे एकेक रंध्र रंगवण्याचा व्यर्थ खटाटोप वाचतो.

चोखणीची ढाल, म्हणजे ओठांबाहेर राहणारी प्लास्टिकची चकती, नाकाच्या अगदी खालून सुरू होऊन हनुवटीच्या खळीपर्यंत पोहोचली होती. नाकाखालच्या पन्हाळीचे वरचे टोक आणि ढालीच्या दोन छिद्रांतून दिसणारी थोडीशी त्वचा एवढेच त्या पट्ट्यातले मूळ उरले होते. ढालीची सावली हनुवटीवर पडली होती आणि निळ्या प्लास्टिकची झाक दोन्ही गालांच्या आतल्या बाजूंवर उतरली होती. त्यातच प्रकाश दुहेरी होता. फोटोत डावीकडे असलेल्या पडवीच्या दारातून पावसाळी ढगांचा थंड, करडा उजेड येत होता, तर उजवीकडून गणपतीच्या रोषणाईचा पिवळा. परिणामी बाळाचा एक गाल निळसर आणि दुसरा पिवळसर होता, आणि जे ओठ घडवायचे होते ते नेमके या दोन रंगांच्या सीमेवर येत होते.

खुळखुळ्याने वेगळाच प्रश्न उभा केला होता. त्याच्या गोल डोक्यामागे बाळाचा अंगठा पूर्ण आणि तर्जनीचे टोक झाकले गेले होते. दांडा मुठीतून आरपार गेलेला असल्याने तो काढल्यावर मुठीत पोकळ भोक उरणार होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न काढण्याचा होता, आणि तो कुटुंबापुढे स्पष्टपणे मांडण्यात आला. तीन महिन्यांचे बाळ चोखणीसह असणे यात वावगे काही नाही. कुटुंबाने विचार करून तो नाकारला.

दुसरा पर्याय ओठ कोरे रंगवण्याचा. ज्याचा हात चित्रकलेत तयार आहे त्याला हे जमते. पण तयार होतात ते कोणत्याही गोड बाळाचे ओठ. या बाळाचे ते असतीलच असे नाही. दुसऱ्या बाळाच्या फोटोतून तोंड उचलून बसवणे ही याच्याही पुढची पायरी असून ती स्टुडिओने चर्चेलाच घेतली नाही. आईला असा बदल कुठे झाला ते सांगता येत नाही, पण काहीतरी परके आहे हे तिला पहिल्या नजरेत कळते.

उरला तिसरा मार्ग, म्हणजे याच बाळाच्या दुसऱ्या फोटोतून तोंड घेणे. कुटुंबाने मोबाइलमधले पुष्कळ फोटो पाठवले. निवड करताना कारागिराने ठरवलेला क्रम मला महत्त्वाचा वाटतो : आधी मानेचा कोन, मग वय, मग प्रकाश, आणि रंग सर्वांत शेवटी. रंग बदलता येतो, प्रकाश काही अंशी बदलता येतो, पण वळलेल्या चेहऱ्यावरचे तोंड समोरून पाहणाऱ्या चेहऱ्यावर बसत नाही. ओठांचा दूरचा अर्धा भाग आखूड आणि जवळचा लांब दिसत असतो, आणि ते प्रमाण ताणून आणता येत नाही. कोन जुळतो का हे पाहण्यासाठी नाकाचे टोक दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांच्या मध्यापासून किती सरकले आहे, एवढे तपासले तरी पुरते.

त्याच दिवशीचा एक फोटो कोनात तंतोतंत बसत होता, पण त्यात बाळ रडत होते. दुसरा, सुमारे दीड महिन्यानंतरचा, सुंदर होता. मात्र चेहरा उलट दिशेला वळलेला होता. तो आडवा उलटवला असता तर दिशा आणि प्रकाश दोन्ही जुळले असते. तरीही तो बाजूला ठेवला गेला. एक तर त्या वयात दीड महिन्यात ओठ आणि गाल बरेच भरतात. दुसरे म्हणजे कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो आणि उलटवलेले तोंड घरच्यांना खटकते. शेवटी आईने त्याच आठवड्यात पडवीत काढलेला, ओठ किंचित विलग असलेला मोबाइल फोटो निवडला गेला. त्यातील तोंड 260 पिक्सेल रुंद होते, म्हणजे ते लहान करून वापरता येणार होते. उलट, लहान तोंड मोठे करून बसवले की ते धुरकट दिसते आणि ते लपवता येत नाही.

तोंडाचे काम : पहिला मसुदा

ओठ लावण्यापूर्वी त्यांच्याखालची त्वचा तयार करण्यात आली. येथे कारागिराने पाळलेला नियम असा, की जिथे खरी त्वचा दिसते आहे तिथे ती बदलायची नाही, सुधारायची. हनुवटीवर ढालीची सावली होती, पण सावलीखाली हनुवटी होतीच. त्यामुळे फोटोशॉपमध्ये तिच्यावर दुसरीकडची त्वचा ठसवणारा क्लोन स्टॅम्प न फिरवता, उजेड कमी-जास्त करणारा कर्व्हजचा लेयर घेऊन, सावलीच्या आकाराचा मऊ कडांचा मास्क करून तेवढाच भाग उजळवला. गालांवरची निळी झाक काढण्यासाठी कलर मोडमधल्या रिकाम्या लेयरवर शेजारच्या त्वचेचा रंग अगदी हलक्या ब्रशने फिरवला. त्यामुळे उजेड-सावली मूळचीच राहिली आणि फक्त रंग बदलला. ढालीच्या कडेने त्वचेवर उमटलेला लालसर वळ मात्र पूर्ण पुसावा लागला, कारण चोखणी गेल्यावर त्या वळाला काही कारणच उरत नव्हते.

ढालीने पूर्ण झाकलेला पट्टा आधी तोंडाविना, नुसत्या त्वचेचा करून घेतला. फोटोशॉपमधल्या कंटेंट-अवेअर फिलने हे काम होत नाही. ते आजूबाजूची त्वचा उचलून भरते, आणि गालाचा फुगवटा संपून ओठाचा उठाव कुठे सुरू होतो याची त्याला कल्पना नसते. म्हणून मोठा मऊ ब्रश अत्यल्प फ्लोवर ठेवून डावीकडच्या थंड रंगातून उजवीकडच्या उबदार रंगात जाणारा हळुवार उतार रंगवला, आणि नाकाखालची पन्हाळ तिच्या दिसणाऱ्या टोकापासून पुढे नेली.

त्यावर आणलेले तोंड ठेवले. दोन्ही फोटो एका मापावर आणण्यासाठी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधले अंतर वापरले, कारण चोखल्याने वा रडल्याने ते बदलत नाही. मोबाइल फोटोत फक्त दाराचा थंड उजेड होता. त्यामुळे ओठांच्या उजव्या अर्ध्या भागाला रोषणाईची पिवळी छटा वेगळी द्यावी लागली. ओठांच्या कडा मोबाइलने स्वतःहून धारदार केलेल्या होत्या, त्या दोन-तीन पिक्सेलने मऊ केल्या. लहान बाळाच्या ओठाचा रंग त्वचेपासून फार दूर नसतो आणि कडही त्वचेत विरघळत जाते. ती कापल्यासारखी राहिली किंवा लाली थोडी जास्त झाली, की बाळाने लिपस्टिक लावल्यासारखे दिसते. ओलीची चमकही सलग रेघ न ठेवता दोन-तीन तुटक ठिपक्यांची केली.

त्वचेच्या पट्ट्यात मिसळण्यासाठी ओठ मिटलेले सोपे पडतात, म्हणून या मसुद्यात ओठांमधली फट बुजवली होती आणि हनुवटी जागची हलवली नव्हती.

आजींचा आक्षेप

मसुद्याची प्रत्यक्ष मापाची छपाई कुटुंबाला दाखवण्यात आली. आई-वडिलांना ती पसंत पडली. आजींनी मात्र बराच वेळ फोटो हातात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "ओठ तेचेच आसत, पण तोंड काय तेचा वाटणा नाय."

त्यांचे म्हणणे भावनिक समजून सोडून देता आले असते. कारागिराने तसे न करता माप घेतले, आणि कारण सापडले. मूळ फोटोत नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंतचे अंतर 175 पिक्सेल होते. मोबाइल फोटो त्याच मापावर आणल्यावर तेच अंतर 160 भरले. तोंडात चोखणी असली की खालचा जबडा खाली उतरलेला असतो. ती काढून टाकली आणि ओठ मिटवले, पण जबडा उतरलेलाच राहिला, तर उरलेली लांबी वरच्या ओठात किंवा हनुवटीत जाऊन बसते आणि बाळाचा चेहरा प्रौढ दिसू लागतो. छपाईत हा फरक मिलिमीटरभराहून किंचितच जास्त होता, तरी आजींच्या नजरेने तो पकडला.

आता दोन टोके समोर होती. हनुवटी पूर्ण 15 पिक्सेल वर घ्यायची, तर मान, गळ्याची वळी आणि झबल्याचा गळा यांच्यामध्ये नवी जागा उघडी पडून ती भरावी लागणार. हनुवटीला हात न लावता ओठ तेवढे विलग ठेवायचे, तर बाळ आश्चर्याने आ वासल्यासारखे दिसणार. कारागिराने मधला मार्ग घेतला. लिक्विफायने हनुवटी आणि जबड्याची कड 8 पिक्सेल वर सरकवली, गालांना हात लावला नाही, आणि उरलेले 7 पिक्सेल ओठांमधल्या फटीला दिले. मोबाइल फोटोत ओठ विलगच होते, त्यामुळे फटीचा आकार कल्पनेने काढावा लागला नाही. फट काळी न ठेवता गडद तांबूस-तपकिरी ठेवली आणि आत जिभेचा पुसट उंचवटा राहू दिला. बाळाच्या तोंडात शुद्ध काळा रंग कधीच नसतो. तो वापरला की तोंडाला भोक पडल्यासारखे दिसते. वरच्या ओठाचा मधला भाग थोडा पुढे आलेला असल्याने त्याची बारीक सावली फटीच्या मध्यावर गडद आणि कोपऱ्यांकडे विरळ केली. मान आणि झबल्यामधली 8 पिक्सेलची पट्टी मूळ सावली खाली ओढून भरली. त्या काळोख्या जागेत ती कोणाला शोधूनही सापडली नसती.

बोटांचे काम

बोटांच्या बाबतीत पहिला निर्णय मूठ उघडायची की नाही हा होता. तीन महिन्यांच्या बाळात तळहाताला काही लागले की मूठ मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया अजून पुरती गेलेली नसते; ती साधारण पाच-सहा महिन्यांपर्यंत मावळते. म्हणजे या वयाच्या बाळाची मिटलेली मूठ हातात काही नसतानाही स्वाभाविकच दिसते. उघडा पंजा तयार करण्याचा विचार त्यामुळे तिथेच संपला.

याच टप्प्यावर कुटुंबातील एका नातेवाइकाने सुचवले, "दादा, त्या मुठीत आजोबांचं बोटच द्या ना धरायला." कल्पना सर्वांना भावली आणि तांत्रिकदृष्ट्या ती सोपीही होती, कारण मुठीतली पोकळी बोटाने आपोआप भरली असती. स्टुडिओच्या मालकांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे, की वस्तू काढली तरी त्या क्षणी जे होते तेच राहते, पण बोट धरवले तर न घडलेली गोष्ट घडवल्यासारखे होते, आणि हा फोटो पुढे वर्षानुवर्षे आठवण म्हणून सांगितला जाणार आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो, जरी गिऱ्हाइकाची इच्छा मोडून तो घेणे कोणत्याही व्यावसायिकाला जड जाते.

मग मूठ खरोखर मिटवावी लागली. दांड्याच्या जाडीमुळे बोटे तळहातापासून दूर राहिलेली होती. पपेट वार्पमध्ये मनगट आणि बोटांच्या मुळांशी पिना रोवून बोटांची टोके आत वळवली. मुळे जागीच राहिल्यामुळे हाताच्या पाठीवरच्या खळ्या विस्कटल्या नाहीत. बाळाच्या हातावर मोठ्या माणसासारखे सांध्यांचे उंचवटे नसतात, त्यांच्या जागी खळ्या असतात. त्या पुसल्या गेल्या तर हात रबरी दिसतो. बोटे आणि तळहात यांच्यामधली फट अरुंद गडद सावलीने मिटवली.

तर्जनीचे झाकलेले टोक त्याच हाताच्या मधल्या बोटावरून घेतले, थोडे लहान केले आणि फिरवले. अशा नकलेत सांध्यावरची वळी जशीच्या तशी दुसऱ्यांदा उमटते, आणि शेजारी शेजारी दोन एकसारख्या वळ्या डोळा लगेच पकडतो; म्हणून तर्जनीवरची वळी पुसून थोड्या वेगळ्या उताराने पुन्हा काढली.

अंगठ्याला ही युक्ती चालत नाही. अंगठ्याला दोनच पेरे असतात, त्याचे नख बाकीच्या बोटांच्या नखांच्या दिशेने पाहत नाही, आणि बोटावरून बनवलेला अंगठा पाचव्या बोटासारखा दिसतो. सुदैवाने बाळाचा डावा हात आजोबांच्या बाहीवर टेकलेला होता आणि त्याचा अंगठा स्पष्ट दिसत होता. तो आडवा उलटवून वापरला. तोंडासाठी जे टाळले ते इथे बिनधास्त केले, कारण डावा आणि उजवा हात एकमेकांचे आरसेच असतात. उलटवल्याने प्रकाश मात्र चुकीच्या बाजूला गेला. त्यामुळे आधी अंगठ्यावरची उजेड-सावली सपाट करून मग दाराच्या बाजूने थंड उजेड आणि दुसऱ्या बाजूने पिवळी छटा नव्याने रंगवली.

खुळखुळ्याने झाकलेला आजोबांचा सदरा भरणे हे सर्वांत सोपे काम होते. पांढऱ्या कापडावर कंटेंट-अवेअर फिल चांगले चालले, फक्त एक चुणी हाताने जोडावी लागली.

तपासणी आणि परिणाम

मूळ फोटो कमी उजेडात 3200 आयएसओवर घेतलेला असल्याने त्यात कण होते. मोबाइलमधून आणलेले ओठ मात्र गुळगुळीत होते. पडद्यावर फोटो लहान करून पाहताना हा फरक जाणवत नाही, पण छपाईत तोंड चिकटवल्यासारखे दिसते. म्हणून नव्या भागांवर मूळ फोटोइतके कण घातले आणि ते सर्वांत शेवटी घातले, कारण आधी घातलेले कण प्रत्येक सरकवण्यात पुसट होत जातात. नंतर संपूर्ण फोटो कृष्णधवल करून पाहिला. रंगाच्या आडोशाला लपलेल्या सावल्यांच्या चुका तिथे उघड्या पडतात, आणि खालच्या ओठाखालची सावली फिकी असल्याचे तिथेच दिसले. ती गडद केल्यावर ओठ चेहऱ्यावर टेकले.

दुसरी छपाई आजींना प्रथम दाखवण्यात आली. त्यांनी ती मान्य केली. वडिलांना मूठ थोडी घट्ट वाटली, पण ती तशीच ठेवण्यास त्यांनी होकार दिला. त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. दांडा काढूनही मनगटाचा ताण मूळचाच राहतो आणि तो सैल करणे या फोटोत शक्य नव्हते. चौकटीच्या मागे, चोखणी व खुळखुळा काढून फोटो तयार केल्याची नोंद लिहिली गेली, आणि मूळ फाइल पेन ड्राइव्हवर कुटुंबाला परत दिली.

वेगळे काय करता आले असते

जबड्याचे माप पहिल्या मसुद्यापूर्वी घेणे सहज शक्य होते. डोळ्यांच्या कोपऱ्यांमधले अंतर तसेही मोजलेलेच होते. त्याच वेळी नाक ते हनुवटी अंतरही मोजले असते, तर पहिली छपाई वाचली असती. त्यानंतर या स्टुडिओत चोखणी किंवा बाटली काढण्याच्या प्रत्येक कामात हे अंतर आधी मोजले जाते. बाटलीच्या बाबतीत त्याची गरज जास्तच असते. तिचे बूच रुंद असल्याने तोंड अधिक उघडे असते आणि खालचा ओठ बाहेर मुरडलेला असतो.

मसुदा कोणाला दाखवायचा याचाही विचार आधी व्हायला हवा होता. फोटो मागवणारे वडील होते, म्हणून मसुदा त्यांना आणि आईला पाठवण्याचे ठरले होते. आजी तिथे योगायोगाने होत्या. बाळाला रोज न्हाऊ-माखू घालणाऱ्या माणसाची नजर या कामात सर्वांत उपयोगी पडते, आणि कोकणातल्या बहुतेक घरांत ते माणूस आजी किंवा घरातली जाणती बाई असते.

मानेच्या कोनाचा प्रश्न मात्र स्टुडिओच्या हातचा नव्हता. तो फोटो काढतानाच सुटला असता. बाळाच्या तोंडात चोखणी असेल तर त्याच जागेवरून, त्याच उजेडात, चोखणी काढलेल्या क्षणी आणखी एक फोटो घ्यावा. बाळ रडण्यापूर्वी दोन-तीन सेकंद मिळतात आणि कॅमेऱ्याला तेवढे पुरतात. त्या फोटोत आजोबांचे डोळे मिटलेले असले तरी चालते, कारण त्यातून फक्त तोंड घ्यायचे असते. गणपतीच्या दिवसांत घरोघरी फोटो काढायला जाणाऱ्या आपल्या दोन्ही मुलांना स्टुडिओच्या मालकांनी आता हे सांगून ठेवले आहे.